मिशी वाढवा, दात नको: फोटोवरून अर्कचित्र मागताना

मामांच्या साठीच्या आठ दिवस आधी मामेबहिणीचा फोटो आला आणि खाली एक ओळ: "दादा, बाबांचं मस्त कार्टून करून दे ना, फ्रेम करायचीय." मी डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहाव्याचे कार्ड, सगळं. एआयवर चित्रं काढणंही आता त्यातच आलं. मी फोटो चढवला आणि टाईप केलं: "या फोटोवरून मजेदार कॅरिकेचर बनव."

अर्ध्या मिनिटात चित्र आलं. भोपळ्याएवढं डोकं, त्याखाली चिमुकलं धड. नाक फुगलेलं, कान सुपासारखे, आणि तोंड उघडून बत्तीशी बाहेर. मामांचे पुढचे दात थोडे पुढे आहेत. शाळेत त्यावरून पोरं चिडवायची, म्हणून आजही ते फोटो काढताना ओठ मिटून घेतात. बहिणीनं पाठवलेल्या फोटोतही ओठ मिटलेलेच होते. मशीनला दातांचं काही माहीत असायचं कारणच नव्हतं, तरी बाण नेमका तिथेच बसला. शिवाय सावळे मामा गोरे झाले होते आणि दहा वर्षांनी लहानही.

हे असं का होतं आणि आपल्याला हवं तेवढंच वाढवून कसं घ्यायचं, हे त्या आठ दिवसांत मला नीट कळलं. तेच सांगतो.

आधी शब्दाकडे बघू. कॅरिकेचर हा शब्द मूळ इटालियन क्रियापदावरून आला. त्याचा अर्थ ओझं लादणं, भरणं. चेहऱ्यावर जास्तीचा भार टाकायचा. आपल्याकडे त्याला अर्कचित्र म्हणतात, आणि मला हा शब्द जास्त आवडतो. अर्क म्हणजे सगळं पाणी उडून गेल्यावर उरतं ते. चेहऱ्यातलं दोन-चारच ठेवायचं, पण ते असं की माणूस लांबून ओळखू यावा. स्वच्छ भारत अभियानाचं बोधचिन्ह आठवा. कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांनी केलेलं ते. त्यात गांधीजींचा चेहराच नाही, नुसता चष्मा आहे, तरी कुणाला विचारावं लागत नाही. ते काही अर्कचित्र नव्हे, पण एक खूण किती भार उचलू शकते ते त्यात दिसतं.

पण हीच ताकद उलटीही फिरते. फ्रान्समध्ये १८३१ साली शार्ल फिलिपाँनं राजा लुई फिलिपचा चेहरा चार पायऱ्यांत नासपती करून दाखवला. वर निमुळतं कपाळ, खाली सुटलेले गाल, बस्स. राजाला ती नासपती जन्मभर चिकटली. फिलिपाँनंही एकच गोष्ट निवडली होती, पण राजाला बोचेल अशी. प्रेमाचं अर्कचित्र आणि टोचणारं अर्कचित्र यांच्यात हात तोच असतो. फरक पडतो तो काय निवडलं यात. म्हणून मशीनला द्यायची सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, लिहिण्याच्या आधी हे काम माणसानं करायचं. मशीनवर सोडलं की माझ्यासारखी बत्तीशी मिळते.

मी मामीला फोन केला. "मामांच्या चेहऱ्यातलं असं काय आहे, ज्यावर ते स्वतःच विनोद करतात?" मामी क्षणभरही थांबल्या नाहीत. "मिशी. आणि त्या भुवया. न्हावी मिशीला हात लावतो तेव्हा हे आरशातून डोळे वटारून बघत बसतात." निवड तिथेच झाली: मिशी आणि भुवया. दात, कान, नाक, टक्कल आणि रंग यांना हात लावायचा नाही. माणूस ज्यावर स्वतः हसतो ते वाढवायला हरकत नसते, आणि जे तो फोटोत झाकतो ते सोडून द्यायचं. एवढी एक कसोटी मला पुरली.

दोनच गोष्टी का, हे विचाराल. पाच गोष्टी वाढवल्या तर एकही वाढल्यासारखी वाटत नाही, नुसता चेहरा विचित्र होतो. वाढलेलं दिसायला शेजारी न वाढलेलं काहीतरी लागतं.

आता मशीनच्या बाजूनं बघू. आपल्याला वाटतं की ते फोटो घेतं, त्यातली मिशी ताणतं आणि बाकीचं तसंच ठेवतं. फोटोशॉपमध्ये तसं होतं, कारण ज्याला हात लावला नाही ते पिक्सेल जागचे हलत नाहीत. चित्र तयार करणारी बहुतेक एआय साधनं असं करत नाहीत. ती तुमचा फोटो बघतात, तुमची ओळ वाचतात आणि अख्खं चित्र नव्यानं काढतात. कपाळसुद्धा नवं, कॉलरसुद्धा नवी. फोटो त्यांच्यासाठी समोर ठेवलेला नमुना असतो, खालचा कागद नव्हे. त्यामुळे "बाकी तसंच" हे आपोआप होत नाही, तेही सांगून करून घ्यावं लागतं. आणि जे सांगितलं नाही, ते मशीन स्वतःच्या सवयीनं भरतं.

ही सवय कुठून येते? शिकताना त्यानं कॅरिकेचर या नावाखाली जी ढीगभर चित्रं पाहिली, त्यांतून. जत्रेत किंवा पर्यटनस्थळी दहा मिनिटांत काढून देतात ती चित्रं डोळ्यांसमोर आणा. मोठं डोकं, लहान अंग, दात विचकलेलं हसू, फुगीर नाक. त्यामुळे 'कॅरिकेचर' हा एक शब्द लिहिला की हा सगळा संच एकदम येतो, थाळी मागवली की पापड-लोणचं येतंच तसा. मामांचे दात त्या थाळीतून आले होते, फोटोतून नव्हे.

संगणकावर अर्कचित्र काढायचा पहिला गाजलेला प्रयोग १९८० च्या दशकात सुसान ब्रेनन या संशोधिकेनं केला. तिची युक्ती सोपी होती. अनेक चेहऱ्यांचा एक सरासरी चेहरा घ्यायचा, त्याच्याशी समोरचा चेहरा ताडून बघायचा आणि जिथे जिथे फरक आहे तिथे तो आणखी वाढवायचा. नाक सरासरीपेक्षा लांब असेल तर अजून लांब, डोळे जवळ असतील तर अजून जवळ. यातून माणूस ओळखू येतो, पण निवड राहत नाही. सगळेच फरक सारख्या प्रमाणात फुगतात, हवे तेही आणि नको तेही. मात्र त्यातली एक गोष्ट आजही कामाची आहे: जे आधीच वेगळं आहे तेच वाढवा, आणि ज्या दिशेनं वेगळं आहे त्याच दिशेनं. मामांच्या मिशीची टोकं वर वळलेली आहेत, म्हणून ती अजून वर गेली पाहिजेत. ती खाली लोंबणारी झुबकेदार केली तर कितीही मोठी असली तरी ती मामांची मिशी राहत नाही.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा करायला गेलो. लिहिलं: "फक्त मिशी आणि भुवया मोठ्या कर. दात मोठे करू नकोस, कान मोठे करू नकोस, नाक मोठं करू नकोस." दात थोडे कमी झाले, पण तोंड उघडंच राहिलं आणि कान आणखी मोठे आले.

यातली मेख अशी की चित्राला 'नाही' काढता येत नाही. चित्रात कान असतात किंवा नसतात, "कान मोठे नाहीत" असं काही काढून दाखवता येत नाही. प्रॉम्प्टमध्ये दात, कान, नाक हे शब्द आले की मशीनचं लक्ष त्या भागांवर जातं, आणि 'नको' हा बारीकसा शब्द त्या ओढीपुढे कमी पडतो. जुन्या साधनांत हे फार होतं. नव्या, गप्पांसारखं बोलून चालणाऱ्या साधनांना नकार बराच कळतो, तरी भरवसा नाही. उपाय साधा आहे. काय नको ते सांगण्याऐवजी तिथे काय हवं ते सांगायचं. "दात दाखवू नकोस" असं लिहिण्यापेक्षा "ओठ फोटोत आहेत तसे मिटलेले" असं लिहायचं. "गोरा करू नकोस" असं लिहिण्यापेक्षा "फोटोतला सावळा रंगच, गालांवर उन्हाची थोडी लाली" असं लिहायचं. ओठ मिटलेले म्हटल्यावर दातांना जागाच उरत नाही.

तिसरी अडचण मापाची. "मिशी दीडपट मोठी कर" हे वाचायला अचूक वाटतं, पण मशीन पट्टी लावून मोजत नाही. दीडपट म्हणा, तीनपट म्हणा, फरक अंदाजानंच पडतो, कधी पडतही नाही. मी 'दीडपट' आणि 'दुप्पट' अशी दोन चित्रं काढून घेतली तर दीडपटीतली मिशी जास्त मोठी होती. त्यापेक्षा चेहऱ्यावरच्याच खुणा वापराव्यात. मिशीची टोकं कुठपर्यंत जावीत? गालांच्या कडेबाहेर येऊन कानाच्या पाळीच्या उंचीपर्यंत. भुवया किती जाड? डोळ्याच्या उंचीएवढ्या. हे चित्र काढणाऱ्याला जसं कळेल तसंच मशीनलाही कळतं, आणि जमलं की नाही हे आपल्यालाही एका नजरेत दिसतं. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक या एका बदलानं पडला.

मिशी पाळीपर्यंत नेली की एक नवाच पेच उभा राहतो, जो मला आधी सुचला नव्हता. चेहऱ्यावर जागा मोजकी असते. एक भाग वाढला की दुसऱ्यावर अतिक्रमण होतं. मोठी मिशी ओठ झाकते आणि ओठ झाकले की हसू झाकलं जातं. वर भुवया जाड झाल्या की डोळ्यांवर सावली पडल्यासारखं होतं. अशा एका चित्रात मामा अगदी फौजदार दिसत होते, कुणाला तरी आत टाकायला निघालेले. प्रॉम्प्टमध्ये 'प्रेमळ' शब्द होता, पण चेहऱ्यावर प्रेम दाखवायला जागाच उरली नव्हती. म्हणून हसू कुठे दिसेल हे आपणच ठरवून द्यायचं. मिशीखाली नाही तर डोळ्यांत: डोळे बारीक झालेले, कोपऱ्याला सुरकुत्यांचा पंखा, गाल वर उचललेले. भुवया वाढवायच्या, पण कमानीसारख्या वर. आत खाली झुकल्या की तो राग होतो. आणि मिशीला जागा करून द्यायची असेल तर कुणी अंग चोरायचं तेही सांगून टाकायचं. मी हनुवटीचं नाव घेतलं. मामांची हनुवटी थोडी लहान झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

शेवटी जो प्रॉम्प्ट चालला तो असा. शब्द जवळपास हेच होते:

```
सोबतच्या फोटोतल्या माणसाचं हातानं काढल्यासारखं चित्र कर:
काळ्या शाईची रेघ, वर हलका जलरंग, पांढरी पार्श्वभूमी.
खांद्यापर्यंतच, डोकं आणि खांदे फोटोतल्याच प्रमाणात.

फक्त दोन गोष्टी वाढव:
मिशी: टोकं वर वळलेली, गालांच्या बाहेर येऊन
कानाच्या पाळीच्या उंचीपर्यंत.
भुवया: डोळ्याच्या उंचीएवढ्या जाड, कमानीसारख्या वर.

बाकी फोटोप्रमाणे: नाक, कान, टक्कल, सावळा रंग,
वय साठ, डाव्या गालावरचा तीळ, ओठ मिटलेले.
हनुवटी किंचित लहान चालेल.
भाव: डोळे हसरे, कोपऱ्याला सुरकुत्या, गाल वर आलेले.
```

यात 'कॅरिकेचर' शब्द कुठेच नाही, हे बघा. तो मुद्दाम गाळला, म्हणजे थाळी येत नाही. चित्राची जात मी रेघ, शाई आणि जलरंग या शब्दांत सांगितली, आणि अतिशयोक्ती वेगळ्या परिच्छेदात. "डोकं आणि खांदे फोटोतल्याच प्रमाणात" ही ओळ भोपळ्यासाठी आहे. वय आणि तीळ लिहिले, कारण ही साधनं चेहरा गुळगुळीत करायला टपलेली असतात. तीळ, व्रण आणि सुरकुत्या त्यांना डाग वाटतात आणि न विचारता पुसल्या जातात. ओळख मात्र बऱ्याचदा त्यांतच असते.

मराठीत लिहिलेलं चालतं का, असं दुकानात पुष्कळ जण विचारतात. बोलून चालणाऱ्या मोठ्या साधनांना चालतं. स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवायच्या जुन्या मॉडेलांना बहुधा इंग्रजीच कळतं, तिथे हाच मजकूर इंग्रजीत करून द्यावा लागतो. त्या साधनांत `Denoising strength` नावाची एक पट्टी असते, ० ते १ अशी. ती ०.३ च्या आसपास ठेवली तर चित्र फोटोला चिकटून राहतं आणि मिशी वाढतच नाही. ०.७ च्या वर नेली तर मिशी वाढते, पण मामांच्या जागी दुसराच कुणीतरी येतो. कारण ही एकच पट्टी सगळ्या चेहऱ्याला सारखी लागते. निवडक वाढ तिच्यातून मिळत नाही. त्यासाठी ब्रशनं मिशीचा भाग रंगवून "एवढंच बदल" असं सांगायची सोय असते, तिला मास्क म्हणतात. मास्क रंगवताना मिशी आज आहे तेवढीच रंगवायची नाही. ती जिथवर न्यायची आहे ती जागाही रंगवायची, नाहीतर नवी मिशी जुन्याच चौकटीत कोंबली जाते.

फोटोबद्दल थोडं. हातभर अंतरावरून काढलेली सेल्फी यासाठी घेऊ नका. कॅमेरा जवळ असला की नाक त्याच्या आणखी जवळ येतं आणि मोठं दिसतं, कान मागे पडून लहान होतात. म्हणजे फोननं स्वतःचं एक अर्कचित्र आधीच काढून ठेवलेलं असतं, आणि मशीन त्यालाच खरा चेहरा समजतं. दीड-दोन मीटर मागे उभं राहून, थोडं झूम करून, सकाळच्या उजेडात दारात उभं करून काढलेला फोटो उत्तम. बहिणीनं पहिला पाठवलेला फोटो लग्नाच्या मांडवातला होता, वर पिवळा दिवा, अर्धा चेहरा सावलीत. मी दुसरा मागवला, तेव्हा कुठे तीळ दिसला.

आता चित्र आल्यावर ते जमलं की नाही हे कसं ओळखायचं? मी फोटो आणि चित्र मोबाईलच्या गॅलरीत शेजारी ठेवतो आणि बोटानं भराभर इकडेतिकडे सरकवतो. ज्या भागात उडी दिसते तो भाग बदललाय. मिशी आणि भुवया उडाल्या पाहिजेत. कान उडाले तर मशीननं ते गुपचूप वाढवलेत. मग चित्रातल्या मिशीवर अंगठा ठेवायचा. उरलेला चेहरा मामांचाच वाटला पाहिजे. तसा वाटला नाही, तर ओळख नुसती मिशीवर टेकलेली आहे आणि बाकीचा माणूस कुणीतरी परका आहे. अशा चित्रात मिशी कितीही झकास असली तरी ते फेकून द्यावं लागतं. ही चूक फसवी असते, कारण पहिल्या नजरेला मिशी बघून सगळे "अरे मामा!" म्हणतातच.

चुका दुरुस्त करताना एक गोष्ट मी दोनदा हात पोळून शिकलो. चित्र जवळपास जमलं की आपण म्हणतो, "आता फक्त डावी भुवई थोडी वर." मग "आता रंग थोडा गडद." मग आणखी काहीतरी. प्रत्येक वेळी अख्खा चेहरा नव्यानं काढला जातो आणि दर खेपेला तो तीळभर सरकतो. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. सहाव्या दुरुस्तीला मामा त्यांच्या थोरल्या भावासारखे दिसायला लागले होते. म्हणून दोनपेक्षा जास्त दुरुस्त्या लागल्या की मी मागे फिरतो. प्रॉम्प्ट सुधारतो आणि पुन्हा मूळ फोटोवरून नवं चित्र मागतो. तेही एक नाही, एकाच प्रॉम्प्टवर चार. दरवेळी वेगळं येतं, आणि चारांतलं एक निवडणं हे चौदा दुरुस्त्या करण्यापेक्षा सोपं जातं.

चेहरा फारच सरकत असेल तर काम दोन टप्प्यांत करावं. आधी काहीच न वाढवता साधं रेघेचं चित्र करून घ्यायचं आणि ते मामांसारखं दिसतं का, एवढंच बघायचं. ते पटलं की दुसऱ्या टप्प्यात ते चित्र आणि मूळ फोटो दोन्ही चढवून मिशी-भुवयांचा परिच्छेद द्यायचा. शैली बदलताना झालेली चूक आणि वाढवताना झालेली चूक यामुळे वेगळ्या दिसतात. एकत्र केलं की कुठे बिघडलं तेच कळत नाही.

दुसऱ्याचा चेहरा असेल तर त्याला नाहीतर त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय हे करायचं नाही, आणि फोटो कुठल्यातरी अनोळखी फुकट साईटवर चढवायचा नाही. व्यंग, आजाराची खूण, रंग, जातीधर्माची म्हणून समजली जाणारी कुठलीही खूण वाढवायला मी गिऱ्हाइकालाही नाही म्हणतो.

मामांचं चित्र अकराव्या प्रयत्नाला जमलं. मामीला दाखवलं तर म्हणाल्या, "तीळ उजवीकडे गेलाय." खरंच गेला होता. मशीन कधीकधी आरशासारखी बाजू उलटी करतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी तो तीळ मी फोटोशॉपमध्ये हातानं हलवला, दोन मिनिटांचं काम. चित्र १०२४ बाय १५३६ पिक्सेलचं होतं. बहिणीला भिंतीएवढा फ्लेक्स हवा होता, पण तेवढ्या पिक्सेलमध्ये शाईची रेघ जवळून फुटकी दिसली असती, म्हणून ५ बाय ७ इंचाचीच फ्रेम केली. ती आता मामांच्या दाढीच्या आरशाशेजारी टांगलेली आहे.